पासष्ट की बासष्ट? एका बैठकीचं इतिवृत्त

आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी असते. वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या बाजूला जुनी दुमजली वास्तू आहे, खाली सभागृह, वर ग्रंथालय. चिटणीस मी, त्यामुळे इतिवृत्त लिहायचं काम आपसूकच माझ्याकडे. हल्ली आम्ही बैठक मोबाइलवर रेकॉर्ड करतो. सुरुवातीला अध्यक्ष सगळ्यांना विचारतात, "रेकॉर्ड करतोय, हरकत नाही ना?" आणि मग हजर असलेला प्रत्येक जण आपलं नाव सांगतो. हजेरी तर त्यात होतेच, पण मला त्याचा खरा उपयोग पुढे होतो. प्रत्येकाच्या आवाजाचा नमुना पहिल्या मिनिटातच मिळालेला असतो.

इथे लिहितोय ते १७ मे २०२५ च्या बैठकीबद्दल. रेकॉर्डिंग १ तास ४८ मिनिटांचं. विषय तसे नेहमीचेच होते: गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ग्रंथालय रविवारी उघडायचं का, आणि नवे खजिनदार आल्यामुळे बँक खात्यावरच्या सह्या. गच्चीचा विषय निकडीचा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आम्ही खालच्या खोलीतली पुस्तकं घाईघाईने वर नेली, ती वरच राहिली, आणि आता गच्ची गळायला लागली तर तीच भिजणार होती.

घरी आल्यावर आधी मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवतो आणि तिला हात लावत नाही. ऐकण्यासाठी दुसरी प्रत. फोनची फाइल m4a असते, ती माझ्या संगणकावर ऑडॅसिटी या आवाज ऐकायच्या-कापायच्या प्रोग्रॅममध्ये थेट उघडत नाही, म्हणून आधी बदलून घ्यावी लागते:

```
ffmpeg -i baithak-17may.m4a -ac 1 baithak-17may.wav
```

पहिल्या ऐकण्यात मी इतिवृत्त लिहीत नाही, आणि शब्दन् शब्द उतरवायच्या फंदात तर मुळीच पडत नाही. पावणेदोन तासांच्या बोलण्याचे पन्नास-साठ कागद होतात आणि ते कुणी वाचत नाही, मीसुद्धा. मी फक्त खुणा टाकतो. ऑडॅसिटीत आवाज चालू असतानाच `Ctrl+M` दाबलं की त्या क्षणी लेबल पडतं आणि त्यात लगेच लिहिता येतं. माझी अक्षरं ठरलेली आहेत: निर्णय वाटला तर "नि", कुणाला काम दिलं तर "का", रीतसर ठराव असेल तर "ठ", आणि नीट कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाशी मी थांबत नाही. थांबलो तर चर्चेचा ओघ हातातून जातो, आणि पुष्कळदा पुढच्या चार वाक्यांत उत्तर आपोआप मिळतं.

मग लेबलं फाइलमध्ये उतरवून घेतो. त्यातल्या तीन ओळी अशा होत्या:

```
2467.310000	2467.310000	नि ग्रंथालय रविवार
3138.040000	3138.040000	? बासठ/पांसठ
4785.620000	4785.620000	नि ग्रंथालय - राहू दे
```

आकडे सेकंदांत असतात. स्प्रेडशीटमध्ये घेऊन ८६४०० ने भागले आणि त्या रकान्याला वेळेचं स्वरूप दिलं की ४१:०७, ५२:१८, १:१९:४५ असे दिसतात. या तक्त्यावरून कच्चं इतिवृत्त लिहितो आणि प्रत्येक निर्णयाच्या आणि कामाच्या शेजारी ही वेळ ठेवतो. अंतिम प्रतीतून ती काढून टाकायची, पण माझ्या प्रतीत राहू द्यायची. ज्या वाक्याशेजारी वेळ लिहिता येत नाही, ते वाक्य मी कुठून आणलं हे मलाच सांगता येत नाही, म्हणजे ते बहुतेक आठवणीतून आलेलं असतं. तेवढ्यावर ते इतिवृत्तात जात नाही.

इथवरचं काम सोपं आहे. वेळ लागतो तो कच्चा मसुदा आवाजाशी ताडून पाहण्यात.

गच्चीच्या कामाचे ठेकेदारभाई बैठकीत दहा मिनिटांसाठी आले होते आणि गुजरातीत बोलले. नेमकं तेव्हाच खालून एक वरघोडा चालला होता, मे महिना म्हणजे लग्नसराई, डीजे जोरात. त्यात डोक्यावर पंखा, आणि फोनच्या शेजारी कुणीतरी लीलो चिवड्याचं पाकीट उघडत होतं. ५२:१८ ला त्यांनी एकूण रक्कम सांगितली. ती "बासठ हजार" की "पांसठ हजार", काही केल्या कळेना. मराठीत तरी काय वेगळं आहे, बासष्ट आणि पासष्ट! खजिनदारकाकांनी रक्कम लगेच मराठीत परत म्हटली, पण तीही त्याच गोंगाटात.

ब आणि प यांत फरक एवढाच की ब म्हणताना ओठ मिटलेले असतानाच घशातून हलका, खालच्या पट्टीतला घुमारा सुरू होतो. पंख्याची घरघरही त्याच पट्टीत. त्यामुळे नेमका तो घुमारा झाकला जातो आणि दोन्ही अक्षरं एकसारखी ऐकू येतात. ऑडॅसिटीची आवाज स्वच्छ करायची सोय वापरून पाहिली तर पंखा कमी झाला खरा, पण त्याबरोबर उरलासुरला घुमाराही गेला आणि "पांसठ" स्पष्ट ऐकू यायला लागलं. या स्पष्टपणावर विसंबायचं नाही. स्वच्छ केलेली प्रत मी सलग ऐकायला वापरतो, आकडा आणि नाव ठरवायचं असेल तेव्हा मूळ प्रत. तेच तेच परत ऐकण्यातही अर्थ नसतो, कारण एकदा मनात "पासष्ट" बसलं की कान पुढे तेच ऐकतो. म्हणून मी तेवढा तुकडा कापून शेजारच्या बेनना ऐकवला, प्रश्न न सांगता, फक्त "किती म्हणतात?" एवढंच विचारून. त्या म्हणाल्या, "बेमांथी एक, बासठ के पांसठ." म्हणजे गाडं तिथेच.

अशा वेळी आकडा त्याच जागी शोधत बसू नये, बैठकीत तोच आकडा दुसऱ्या रूपात कुठे आलाय ते पाहावं. वरघोडा पुढे गेल्यावर ५३:४० ला ठेकेदारभाईंचं वाक्य स्वच्छ आहे: "पचासना भावे, तेरसो फूट." पन्नास रुपये चौरस फूट, तेराशे फूट. गुणाकार ६५,०००. बासष्ट असते तर क्षेत्रफळ १,२४० निघालं असतं, आणि तसा आकडा कुणीच उच्चारलेला नाही. उलट त्याआधी वकीलकाकांनी गच्चीचं माप सांगितलं होतं तेही तेराशेच. इतिवृत्तात मी नुसते पासष्ट हजार लिहिले नाहीत, "दर रु. ५० प्रति चौ. फूट, अंदाजे १,३०० चौ. फूट, एकूण रु. ६५,०००" असं लिहिलं. नंतर वाचणाऱ्याला आकडा स्वतः पडताळता येतो.

त्याच ठिकाणी थोडं पुढे, ५४:५१ ला, ठेकेदारभाई उठता उठता म्हणतात, "जीएसटी जुदो." बैठकीत त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. ते गेल्यावर खजिनदारकाका विचारतात, "पंच्याहत्तरच्या आत आहे ना?" अध्यक्ष म्हणतात, "आहे आहे. मग यांनाच देऊन टाकू." आमच्या घटनेनुसार कार्यकारिणीला एका कामावर ७५,००० रुपयांपर्यंतच खर्च मंजूर करता येतो, त्यावर गेलं की साधारण सभा. पासष्ट हजारांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ११,७००, एकूण ७६,७००. मर्यादा ओलांडली.

आता इतिवृत्त लिहिणाऱ्याने काय करायचं? "जीएसटीसह ६५,०००" असं लिहून टाकलं तर सगळं सुरळीत दिसलं असतं, आणि असं करणारे चिटणीस मी पाहिले आहेत. पण बैठकीत तसं ठरलंच नव्हतं. उलट निर्णय गाळून टाकणंही बरोबर नाही, तो झाला होता. मी जे झालं ते लिहिलं: ठेकेदाराने रु. ६५,००० आणि जीएसटी वेगळा असा दर सांगितला, खर्च मर्यादेत असल्याचे अध्यक्षांनी सांगितले, काम त्यांना देण्याचे ठरले. जीएसटी धरून मर्यादा ओलांडली जाते ही बाब इतिवृत्ताबाहेर, वेगळ्या निरोपाने, अध्यक्षांना कळवली. सोबत ५४:५१ चा तुकडा. त्यांचा फोन आला, "अरे, हे ऐकलंच नव्हतं मी."

दुसरी तपासणी ग्रंथालयाची. ४१:०७ ला चांगला ठसठशीत निर्णय आहे. अध्यक्ष म्हणतात, "ठरलं तर, रविवारी दहा ते एक ग्रंथालय उघडं," आणि मागून दोन-तीन "हो हो". पुढे चहा आला. चहाच्या वेळचं रेकॉर्डिंग बंद करू नये, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे निम्मे निर्णय कपबशीच्या आवाजात फिरतात. १:१९:४५ ला ग्रंथपालताई कुणाला तरी सांगतायत, "पण रविवारी शिपाई येत नाही हो, वरचं दार उघडणार कोण?" अध्यक्ष लांबून, "मग राहू दे, दिवाळीनंतर बघू." कुणी विरोध केला नाही आणि विषय पुन्हा निघाला नाही.

म्हणून मसुदा तयार झाला की मी लेबलांचा तक्ता विषयवार लावतो, वेळेच्या क्रमाने नाही. एका विषयाच्या सगळ्या खुणा एकाखाली एक आल्या की शेवटची कोणती ते दिसतं आणि तिच्यापासून पुढे दोन मिनिटं ऐकतो. इथे ४१:०७ चा निर्णय इतिवृत्तात निर्णय म्हणून जाणार नाही. मी लिहिलं: "ग्रंथालय रविवारी उघडण्याबाबत चर्चा झाली. शिपाई उपलब्ध नसल्याने विषय दिवाळीनंतरपर्यंत स्थगित." चहाच्या वेळी सगळ्यांनी ते ऐकलं असेलच असं नाही, त्यामुळे मसुदा पाठवताना या मुद्द्याखाली वेगळी रेघ ओढून सगळ्यांना विचारलं. दोघांना खरंच ठाऊक नव्हतं.

कामांच्या यादीत मी तीन गोष्टी पाहतो: काम काय, कुणी स्वीकारलं, कधीपर्यंत. "स्वीकारलं" यावर माझा जोर असतो. वकीलकाका ५६ व्या मिनिटाला म्हणतात, "लेखी कोटेशन मी मागवतो, पुढच्या शनिवारपर्यंत." हे स्वच्छ काम आहे. बैठक शनिवारी १७ तारखेला, म्हणजे २४ मे. यादीत "पुढचा शनिवार" लिहायचं नाही, तारीखच लिहायची, कारण यादी वाचणारा ती कोणत्या दिवशी वाचेल कुणास ठाऊक. पण थोड्या वेळाने अध्यक्ष म्हणतात, "गच्चीवर चोवीस तास पाणी भरून ठेवायचं, गळतंय का बघायला. ते सहचिटणीस बघतील." सहचिटणीस त्या दिवशी हजरच नव्हते, भाच्याच्या लग्नाला सुरतेला होते. रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा होकार नाही आणि असणार कुठून? यादीत त्यांचं नाव घातलं तर काम कागदावर दिलं गेलं असं होतं आणि जूनमध्ये पाणी भरलेलं नसतं. मी लिहिलं: "पाण्याच्या चाचणीबाबत सहचिटणीसांना विचारणे. जबाबदारी: चिटणीस. २० मे." मग त्यांना फोन केला. ते हो म्हणाल्यावर यादीत त्यांच्या नावाची वेगळी ओळ आली, आणि ती बैठकीनंतर घातली आहे असं शेजारी लिहिलं.

"आपण करून घेऊ" या प्रकारची वाक्यं मी यादीत घेतच नाही. त्यात करणारा कुणी नसतो. ती चर्चेत एका ओळीत जातात.

राहिला बँकेचा ठराव. बँकेला ठरावाची प्रमाणित प्रत लागते आणि त्यात सूचक, अनुमोदक यांची नावं. ठरावाचा मजकूर वकीलकाकांनी कागदावरून वाचला, तो कागद माझ्याकडे होता, तरी वाचलेलं आणि लिहिलेलं ताडून पाहिलं. बरं झालं. कागदावर होतं "अध्यक्ष आणि चिटणीस किंवा खजिनदार यांपैकी एक", म्हणजे अध्यक्षांची सही सक्तीची. १:२८ ला वाचून झाल्यावर अध्यक्ष म्हणतात, "माझी सही हवीच असं नको. मी मुलाकडे अमेरिकेला जातो, मग चेक अडतात. तिघांपैकी कुणीही दोघं करा." वकीलकाका "बरं, तसं करतो" म्हणतात आणि दुरुस्त मजकूर परत वाचतात. कागदावर दुरुस्ती करायची मात्र राहून गेली होती. नुसत्या कागदावरून ठराव उतरवला असता तर बँकेत भलतंच गेलं असतं.

सूचक खजिनदारकाका, त्यांचा आवाज ओळखू येतोच. अनुमोदन एका बाईंच्या आवाजात आहे, लांबून, फक्त "माझं अनुमोदन." त्या दिवशी दोघी ताई हजर होत्या, ग्रंथपाल आणि सांस्कृतिक विभागाच्या. दोन शब्दांवरून सुरुवातीच्या नमुन्याशी जुळवणं अवघड होतं. पण १:२२ ला ग्रंथपालताईंचं वाक्य आहे, "येते हं मी, नातीला ट्यूशनहून आणायचंय," मग खुर्ची सरकल्याचा आणि जिन्याच्या दाराचा आवाज. ठराव त्यानंतर सहा मिनिटांनी झाला. म्हणजे अनुमोदक सांस्कृतिकच्या ताई. तरी त्यांना फोन करून विचारलं. "हो रे, मीच म्हटलं. दुसरं कोण होतं तिथे?"

त्या दाराच्या आवाजाचा आणखी एक उपयोग. हजेरीत सात जण, पण ठरावाच्या वेळी सहा. आमची गणपूर्ती पाचची आहे, त्यामुळे अडचण नव्हती. इतिवृत्तात "ग्रंथपाल रात्री ८.२२ वाजता गेल्या" असं लिहिलं. बैठक सातला सुरू झाली होती आणि रेकॉर्डिंगही त्याच वेळी, म्हणून हिशेब सोपा पडला. रेकॉर्डिंग उशिरा सुरू झालं तर पहिल्या लेबलातच घड्याळाची वेळ लिहून ठेवावी.

आवाजात काही गोष्टी येतच नाहीत. मान डोलावणं येत नाही, बोट दाखवून "हे असं" म्हटलेलं येत नाही. १:३५ च्या आसपास अध्यक्ष विचारतात, "मग सगळ्यांना मान्य?" आणि त्यानंतर शांतता, मग पुढचा विषय. मी तिथे हजर होतो, मला आठवतं की सगळ्यांनी माना हलवल्या. पण "एकमताने मंजूर" असं मी लिहिलं नाही, "हरकत आली नाही" असं लिहिलं. आता बैठकीत मी स्वतःच मोठ्याने म्हणतो, "सगळे हो म्हणतायत, लिहितो मी." थोडं हास्यास्पद वाटतं, पण टेपवर येतं.

मसुदा मंगळवारी सगळ्यांना पाठवला. खजिनदारकाकांचं उत्तर आलं, "मी जीएसटीसह पासष्ट असं समजून हो म्हटलं होतं." त्यांना ५४:५१ पासून पुढचा तुकडा पाठवला. त्यांनी ऐकून कळवलं की लिहिलंय ते बरोबर आहे, पण मग हा निर्णय असा राहता कामा नये. दरम्यान वकीलकाकांकडे लेखी कोटेशन आलं, त्यातही जीएसटी वेगळाच. कोटेशन आलं म्हणून मी १७ तारखेच्या इतिवृत्तात काही बदललं नाही. ते त्या दिवशी कुणी पाहिलेलं नव्हतं.

२४ मेला तातडीची बैठक झाली. जिन्याच्या माथ्यावरचा भाग तूर्त वगळला तर क्षेत्र १,२०० फूट होतं, म्हणजे ६०,००० आणि १०,८०० जीएसटी, ७०,८०० रुपये. तेवढ्याला काम दिलं. या वेळी रक्कम अध्यक्षांनी मराठीत, आकडा-आकडा सुटा करून सांगितली: "सात, शून्य, आठशे." मी हसलो, पण ते रेकॉर्डिंगमध्ये किती छान ऐकू येतं!

जूनच्या बैठकीत १७ मेचं इतिवृत्त एका दुरुस्तीसह कायम झालं, ग्रंथपालताईंच्या नावाचं शुद्धलेखन चुकलं होतं. इतिवृत्त कायम झालं की रेकॉर्डिंग पुसायचं असं आमच्यात ठरलेलं आहे, कारण चहाच्या वेळी माणसं बरंच काही बोलतात आणि ते कुणी जपून ठेवावं असं नसतं. त्याप्रमाणे फोनमधली फाइल आणि दोन्ही प्रती काढून टाकल्या. लेबलांचा तक्ता मात्र इतिवृत्ताच्या फाइलला जोडून ठेवलाय, त्यात कुणाचं बोलणं नाही, फक्त वेळा आणि विषय आहेत.